चार नंबरला डबल आला

प्रेस शॉपमध्ये नव्याने लागलेल्या पोरांना चांगला शिकवणारा सेफ्टीच्या पहिल्याच तासाला विचारतो: प्रेसवर काम करताना बोटं कशाने वाचतात? अर्धी खोली एका सुरात सांगते, "हँडग्लोव्हजनी." उत्तर साफ चुकीचं आहे. 63 टनांची प्रेस खाली येते तेव्हा जवळपास 63 हजार किलोचा भार दोन डायच्या मध्ये उतरतो. तिथे सुताचा मोजा, कातड्याचा मोजा आणि तारेच्या जाळीचा मोजा सारखेच. मोजा दिलेला असतो तो पत्र्याची धार लागू नये म्हणून. कापलेल्या पत्र्याच्या कडेला बर असते, ती ब्लेडसारखी चालते, आणि दिवसभरात शेकडो पत्रे उचलणाऱ्याचा तळवा मोज्याशिवाय टिकत नाही. पण त्याच मोज्याच्या भरवशावर कुणी डायमध्ये हात घातला, तर मोजा उपयोगाचा नाहीच, उलट घातक. हात सुरक्षित आहे असा खोटा विश्वास तो देतो.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यांत गाड्यांचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, सीटचे सांगाडे ठोकणाऱ्या शेकडो प्रेस शॉप आहेत. तिथे रोज कुणी ना कुणी नवा येतो. कुणी आयटीआय करून आलेला ट्रेनी, कुणी बीड-लातूरकडून ठेकेदारामार्फत आलेला हेल्पर, कुणी बिहार-ओडिशातून आलेला. टाइम ऑफिसात कागद झाले, बूट मिळाले, की त्याला एका खोलीत बसवून तासभर पडद्यावर चित्रं दाखवतात. शेवटी एका कागदावर सही. पुष्कळ ठिकाणी सगळं प्रशिक्षण एवढंच. चित्रांवरचा मजकूर इंग्रजी असतो, आणि सही मात्र 'मला सर्व समजले' याखाली असते.

हा तास वाया जाणं महागात पडतं, याला आकड्यांचा आधार आहे. टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने कॅनडातल्या कामगारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक वर्षाहून जुन्या कामगाराच्या तुलनेत पहिल्या महिन्यातल्या कामगाराला सुट्टी घ्यावी लागेल अशी इजा होण्याचा धोका तिपटीहून जास्त दिसला. यात नुसतं वयाचं अल्लडपण नाही. चाळिशीचा अनुभवी माणूसही नव्या जागी नवाच असतो. कोणत्या मशीनचा आवाज नेहमीचा आणि कोणता बिघाडाचा, हे त्याला अजून कळत नसतं.

पहिल्या तासाचे दोन विषय ठरलेले असतात: अंगावर घालायची साधनं आणि धोका दिसला तर कळवायचं कसं. बहुतेक ठिकाणी ते वेगवेगळे शिकवले जातात, आणि वेळ संपत आला की दुसरा गुंडाळला जातो. खरं तर ते एकाच विषयाचे दोन भाग आहेत. साधन कुठपर्यंत वाचवतं हे कळलं, तरच त्यापुढे तोंड का उघडायचं हे कळतं.

आधी साधनं. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीची कसोटी ठरलेली आहे: 200 ज्यूलचा आघात तिने झेलला पाहिजे. म्हणजे 20 किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून बोटांवर पडलं, तरी आतली बोटं वाचावीत. ब्रॅकेटची ट्रे निसटली, हातोडा पडला, तर हे बूट काम करतात. पाच-सातशे किलोची डाय क्रेनवरून घसरली, तर नाही. हे दोन्ही सांगितलं, तर डाय बदलताना क्रेनखालून लांब का उभं राहायचं हे नव्या माणसाला न रागावता पटतं.

कानातल्या फोमच्या बोळ्याचं बघा. प्रेस शॉपमध्ये आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो, आणि आपल्याकडे आठ तासांसाठी ही वरची मर्यादा मानली आहे. बोळे सगळ्यांना वाटतात, पण घालायचे कसे हे क्वचितच दाखवतात. बोळा आधी बोटांत वळून बारीक काडीसारखा करायचा. मग दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची वळलेली नळी सरळ होते. बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला असेल, तर समोरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ दिसत नाही. बाहेर लोंबत असेल, तर तो दागिना आहे. शॉपमधून एक फेरी मारली, तर असे दागिने घातलेले कितीतरी कान दिसतात.

मोज्यांबद्दलची दुसरी गोष्ट नव्या माणसाला चक्रावून टाकते. पत्रा उचलताना मोजा सक्तीचा, आणि त्याच शेडमध्ये दहा पावलांवरच्या ड्रिल मशीनवर तोच मोजा सक्त मना. फिरत्या ड्रिलला सुताचा एक धागा अडकला, की मोजा गुंडाळला जातो आणि बोट, मनगट त्यामागोमाग ओढलं जातं. उघड्या हाताला तिथे खरचटलं असतं, मोज्यातला हात पिळवटून निघतो. लेथवरही तेच, आणि मोज्याइतकंच बाहीच्या, ओढणीच्या, गळ्यातल्या दोऱ्याच्या बाबतीतही. म्हणून 'सर्व साधने सदैव वापरा' ही भिंतीवरची पाटी दिसायला छान असली, तरी चुकीची आहे. कोणत्या कामाला काय घालायचं आणि काय काढून ठेवायचं, हे कामागणिक सांगावं लागतं.

साधन कधी काढायचं याचा धडा तर भारतातल्या सर्वांत कुप्रसिद्ध कारखान्यातून घेता येतो. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये, वायुगळतीच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर 1981 मध्ये देखभालीचं काम चालू असताना एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडालं. तोंडावर मास्क होता. घाबरून त्याने तो काढला, कपड्यांवरच्या फॉस्जीनची वाफ त्याच्या छातीत गेली, आणि पुढे तो दगावला. साधन होतं, ते घातलेलंही होतं. अंगावर रसायन उडाल्यावर मास्क तसाच ठेवून आधी शॉवरखाली जायचं आणि कपडे उतरवायचे, हा क्रम मात्र अंगवळणी पडलेला नव्हता. घाबरलेला माणूस डोक्याने ठरवत नाही, सवयीने करतो. अशा वेळच्या हालचाली तोंडी सांगून भागत नाहीत, प्रत्यक्ष करून घ्याव्या लागतात.

आता पुन्हा प्रेसकडे. बोटं वाचवतं ते प्रेसचं स्वतःचं संरक्षण. त्याचे तीन प्रकार नव्या माणसाला ओळखता आले पाहिजेत. पहिला, डायभोवतीची पक्की जाळी: पत्रा आत सरकेल एवढीच फट, हात जाणारच नाही. दुसरा, दोन हातांची बटणं: दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, त्यामुळे दोन्ही हात बटणांवर अडकलेले. तिसरा, लाइट कर्टन: समोर अदृश्य किरणांचा पडदा, त्यात हात शिरला की प्रेस थांबते.

या तिन्हींत एक मेख आहे, आणि ती जुन्या सेटरना पक्की ठाऊक असते. पिन क्लचच्या किंवा की क्लचच्या जुन्या प्रेसमध्ये एकदा क्लच फ्लायव्हीलला अडकला, की क्रँक पूर्ण फेरा मारूनच थांबते. मध्ये काहीही केलं तरी रॅम खाली येणारच. अशा प्रेसवर महागडा लाइट कर्टन बसवला, तरी सुरू झालेला स्ट्रोक तो अडवू शकत नाही. तिथे जाळीच हवी. हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचची प्रेस अर्ध्या वाटेवर थांबू शकते, म्हणून तिथे पडद्याला अर्थ आहे.

तिथेही पडदा किती अंतरावर, हा हिशेब आलाच. हात सेकंदाला साधारण 1.6 मीटर वेगाने पुढे जातो असं सुरक्षिततेच्या गणितात धरतात. किरण तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबायला 0.3 सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात 48 सेंटिमीटर पुढे पोचतो. म्हणजे पडदा डायपासून निदान अर्धा मीटर लांब हवा, प्रत्यक्षात थोडा जास्तच. तो 20 सेंटिमीटरवर बसवला, तर दिवा लाल होईल, प्रेस थांबेल, आणि तोवर हात डायखाली गेलेला असेल. शिवाय ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो. वर्षापूर्वी बरोबर असलेलं अंतर आज अपुरं पडू शकतं.

दोन बटणांचीही एक ठरलेली पळवाट आहे. एका बटणावर टेप चिकटवायची किंवा लाकडाची पाचर मारायची, म्हणजे एक हात मोकळा होतो आणि तासाला जास्त नग पडतात. नीट जोडणीत असं करून प्रेस चालतच नाही. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत, अशी अट सर्किटमध्येच असते. स्वस्तातल्या जोडणीत ती नसते. म्हणून बटणावर टेपचा नुसता डाग दिसला, तरी दोन गोष्टी कळतात: इथे कुणीतरी एका हाताने काम करतं, आणि प्रेस ते करू देते.

इथे मोजे-गॉगलचा प्रांत संपतो आणि कळवण्याचा सुरू होतो.

समजा, चाकणच्या एका शॉपमध्ये दुसऱ्या आठवड्यातला एक ऑपरेटर चार नंबरच्या प्रेसवर ब्रॅकेट ठोकतोय. दुपारी सव्वातीनला त्याने एकदा बटणं दाबली आणि रॅम दोनदा खाली आला. शॉपच्या भाषेत, डबल आला. दुसऱ्या स्ट्रोकच्या वेळी त्याचा हात चिमट्याने नग काढायला निघालेला होता, पण वाटेतच होता. काही झालं नाही. शेजारचा म्हणतो, "होतं असं कधी कधी. चालव, टार्गेट बाकी आहे."

असा डबल आपोआप येत नाही. रॅम वर जाऊन थांबायला हवा होता, तो थांबला नाही. ब्रेकच्या लायनिंगवर तेल गेलं असेल, लायनिंग झिजलं असेल, क्लचची की किंवा तिला मागे खेचणारी स्प्रिंग थकली असेल. यातलं एकही कारण स्वतःहून बरं होत नाही. आज एकदा झालं म्हणजे उद्या पुन्हा होणार, फक्त कोणत्या स्ट्रोकला ते सांगता येत नाही.

त्याने करायचं ते एवढंच, पण याच क्रमाने. हात मागे. लाल इमर्जन्सी बटण दाबायचं. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील काही वेळ फिरतच राहतं आणि त्याच्या जोरावर आणखी एक स्ट्रोक येऊ शकतो, म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत डायमध्ये हात नाही. अडकलेला नग तसाच राहू द्यायचा. आणि मग सुपरवायझरला गाठायचं: "साहेब, चार नंबरला डबल आला. बंद केलीय."

दुरुस्ती त्याने करायची नाही, हेही पहिल्याच तासाला सांगितलेलं असावं. मेंटेनन्सवाला मेन स्विच खाली करून त्याला स्वतःचं कुलूप घालतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, रॅमखाली ठोकळा लावतो आणि मग क्लच उघडतो. कुलूप नसेल, तर दुसऱ्या शिफ्टचा कुणी येऊन प्रेस सुरू करू शकतो. ठोकळा नसेल, तर वीज बंद असतानाही रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो.

तोंडी सांगणं झालं, तरी लिहिणं उरतंच. 'प्रेस नीट चालत नाही' अशी नोंद रजिस्टरात शेकड्याने सापडते, आणि तिचा कुणालाच उपयोग नसतो. कामाची नोंद अशी: प्रेस 4, दुपारी 3.15, बटणं एकदा दाबली, रॅम दोनदा आला. हात डायच्या बाहेर होता. इमर्जन्सी दाबून बंद केली. शेजारच्या ऑपरेटरच्या म्हणण्याप्रमाणे आधीही झालं आहे. चार ओळी. शेवटची सर्वांत मोलाची, कारण त्यावरून साहेबाला कळतं की हा आजचा बिघाड नाही, आजवर कुणी कळवला नाही एवढंच. ज्याला लिहिता येत नाही त्याची नोंद दुसऱ्याने लिहून घ्यावी. फॉर्म इंग्रजीत असेल, तर तो भरला जाणार नाही हे आधीच ठरलेलं आहे.

लोक कळवत का नाहीत, याचं उत्तर आळशीपणात शोधणं हा सेफ्टीच्या भाषणांचा आवडता दोष आहे. ठेकेदाराच्या माणसाला उद्या गेटवर अडवलं जाण्याची भीती असते. 'तूच काहीतरी केलं असशील' हे ऐकावं लागतं. दोनदा कळवूनही मशीन तशीच चालली, तर तिसऱ्यांदा कोण जातो? काही कारखान्यांत 'इतके दिवस अपघात नाही' असा फलक लावून त्यावर बक्षीस ठेवतात. त्याचा परिणाम असा होतो, की फलकावरचा आकडा शून्यावर येऊ नये म्हणून कापलेलं बोट खिशात घालून माणूस बाहेरच्या दवाखान्यात जातो. त्यापेक्षा सूचनाफलकावर आलेल्या नोंदी, कुणाकडे दिल्या आणि कधी दुरुस्त झाल्या एवढं लावलं, तरी नोंदी वाढतात. आणि नोंदी वाढल्या म्हणजे शॉप बिघडलं असं समजणाऱ्या मॅनेजरला तर आधी त्या पहिल्या तासाला बसवायला हवं.

कळवण्याला कायद्याचं पाठबळही आहे, आणि त्याची मुळं पुन्हा भोपाळमध्येच सापडतात. 1984 च्या त्या डिसेंबरनंतर, 1987 साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम 41-एच आलं: जिवावर बेतेल असा धोका समोर दिसत असेल, तर कामगाराने तो थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत व्यवस्थापनाच्या नजरेला आणावा, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावा. पण हा हक्क धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता होता. पत्रा ठोकणारी साधी प्रेस शॉप त्यात बसत नव्हती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेच्या कलम 14 मध्ये जवळजवळ तेच शब्द आले आहेत, मात्र आता ते सर्वसाधारण आस्थापनांनाही लागू आहेत. मालकाला धोका पटला, तर त्याने तातडीने उपाय करून निरीक्षकाला कळवायचं. पटला नाही, तरी प्रकरण निरीक्षकाकडे न्यायचंच, आणि निर्णय निरीक्षकाचा. म्हणजे 'आम्हाला तसं वाटत नाही' म्हणून वही मिटवायची सोय मालकाला नाही.

आणखी एक गोष्ट ठेकेदाराच्या माणसाला कुणी सहसा सांगत नाही. सुरक्षिततेसाठी दिलेल्या कोणत्याही वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. पहिल्या पगारातून बुटांचे पैसे कापले असतील, तर तेही कळवण्याजोगंच.

या सगळ्याला मर्यादा आहे ती शेडच्या आकाराची. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या बहुतेक शेड संहितेच्या बाहेर राहतात. मोठ्या कंपनीचा पार्ट ज्या साखळीतून येतो, तिच्या खालच्या टोकाला अशाच शेड असतात. मानेसर-फरीदाबाद पट्ट्यात जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून 'क्रश्ड' नावाने अहवाल काढते आहे. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे बोटं जातात ती मुख्यतः पॉवर प्रेसवर, आणि पुष्कळ प्रेसना सेन्सरच नसतो, असं त्यांत सातत्याने दिसतं. अशा ठिकाणी सेफ्टीचा तास नसतो. शेजारचा ऑपरेटर जे दाखवेल तेच प्रशिक्षण, आणि टेप कशी लावायची हेही तोच दाखवतो.

तिथे लागलेल्या नव्या माणसाला निदान एक गोष्ट मागून घेता येते. पहिला पत्रा हातात घेण्याआधी सेटरला सांगायचं, की रिकाम्या डायवर प्रेस चालवून दाखवा आणि रॅम अर्ध्यावर असताना बटणं सोडा. स्वतः मागे उभं राहून बघायचं. रॅम जागच्या जागी थांबला, तर क्लच फ्रिक्शनचा. तो तसाच खाली जाऊन पूर्ण फेरा मारून वर आला, तर प्रेस पिन क्लचची आहे, आणि तिच्या डायसमोर जाळी असल्याशिवाय त्या जागी बसायचं नाही.